आडनाव आधी की शेवटी? मिसळलेली यादी सुधारायची असेल तर शेवटचा शब्द बघा

आमच्या मंडळाची सभासद यादी दर वर्षी गणपतीच्या आधी मी नीट करतो आणि दर वर्षी ती परत बिघडते, म्हणून यंदा एकदाच बसून मूळ कारण शोधलं आणि ते इथे लिहून ठेवतोय. मी बडोद्याचा, दांडियाबाजारातला, आणि ही भानगड बडोद्यात जास्तच होते कारण इथे एकाच माणसाचं नाव दोन पद्धतीने चालतं. घरी आणि आधारवर 'माधव गणेश जोशी', शाळेच्या दाखल्यावर 'जोशी माधव गणेश', कारण गुजरातेत शाळेच्या फॉर्मवर रकाने याच क्रमाने असतात, अटक, नाम, पितानुं नाम. (अटक म्हणजे गुजरातीत आडनाव. नागपूरहून नवीनच आलेल्या आमच्या एका वहिनींनी मुलाच्या अॅडमिशन फॉर्मवर 'अटक' वाचून तिथे 'नाही' असं लिहिलं होतं, ते अजून सांगतात घरी.)

तर लक्षणं अशी. यादी अक्षरानुसार लावली की एकच माणूस 'ज' मध्येही आणि 'म' मध्येही सापडतो, दोन पावत्या फाटतात, प्रसादाची दोन पाकिटं निघतात. ते एकवेळ चालेल, पण आमंत्रणाच्या पाकिटांवर नाव छापताना प्रोग्राम शेवटचा शब्द आडनाव धरतो, आणि 'दिघे सविता रमेश' या ओळीवरून पाकीट छापून गेलं 'सौ. रमेश'. काकूंनी ते पाकीट आरतीला सगळ्यांसमोर आणून दाखवलं. त्या दिवशी ठरवलं की आता पुरे.

(खाली जी नावं आहेत ती उदाहरणासाठी बनवलेली आहेत, आकडे आमच्या यादीचे.)

आधी यादी कुठून आली ते बघा, कारण निम्मं उत्तर तिथेच असतं. आमच्या ११४० ओळी तीन ठिकाणांहून आल्या होत्या. जुन्या रजिस्टरवरून टाइप केलेल्या ४१२, गूगल फॉर्मच्या ५३०, आणि प्रत्येक गल्लीतल्या मुलांनी व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या एक्सेलच्या १९८. दोन वर्षांपूर्वी कोणीतरी (मीच) हे सगळं एका शीटमध्ये कॉपी-पेस्ट केलं आणि कुठली ओळ कुठून आली याची खूणच ठेवली नाही, ती मला मोबाइल नंबर जुन्या फायलींशी जुळवून परत लावावी लागली आणि त्यात एक अख्खा रविवार गेला. तुम्ही ती चूक करू नका, 'स्रोत' नावाचा एक रकाना ठेवा आणि मूळ नावाच्या रकान्याला हात लावू नका, जे काय बदलायचं ते शेजारच्या नवीन रकान्यात.

आता ओळखायचं कसं. सगळ्यांना पहिल्यांदा सुचतं तेच मलाही सुचलं, की मराठी आडनावं 'कर' ने संपतात, म्हणजे 'कर' ने संपणारा शब्द आडनाव. चालवून बघितलं आणि पहिल्याच पानावर दिनकर, मधुकर, प्रभाकर, सुधाकर, पद्माकर हे सगळे आडनाव होऊन बसले. मग म्हटलं उलट करू, 'राव' ने संपणारा शब्द म्हणजे पुरुषाचं नाव, तर भालेराव मंडळी नावं झाली. शेपटावरून आडनाव ओळखायच्या नादाला लागूच नका. तयार आडनावांची यादी उतरवून घेतली तरी बडोद्यात पुरत नाही, कारण इथे मराठी, गुजराती आणि दोन्हीकडे चालणारी (जोशी, देसाई, वैद्य, पाठक) अशी तिन्ही प्रकारची आडनावं एकाच गल्लीत राहतात.

मग लक्षात आलं की बाहेरून यादी आणायची गरजच नाही. आपल्याकडे नाव तीन शब्दांचं, आणि क्रम कुठलाही असो, मधला शब्द आडनाव कधीच नसतो. 'माधव गणेश जोशी' मध्ये मधे वडील आहेत, 'जोशी माधव गणेश' मध्ये मधे स्वतः माधव आहे. म्हणजे सगळ्या ओळींचे फक्त मधले शब्द गोळा केले की आपल्याच माणसांच्या नावांची यादी फुकट तयार होते. आणि जो शब्द पुष्कळ वेळा येतो पण मधे कधीच येत नाही तो बहुतेक आडनाव.

इथपर्यंत आलो आणि खुशीत येऊन प्रोग्राम लिहिला. दोन्ही टोकांचे शब्द घ्या, जो मधे कमी दिसतो तो आडनाव, बरोबरी झाली तर जो जास्त वेळा येतो तो. आधी फक्त फॉर्मच्या ओळींवर चालवला. आणि सविता, मंगला, सुनंदा ही सगळी आडनावं झाली. का, ते समजायला मला एक शेव-उसळ आणि अर्धा तास लागला. फॉर्ममधल्या ओळी 'सविता रमेश दिघे' अशा, आणि तिथे मधला शब्द नेहमी वडील किंवा नवरा, म्हणजे नेहमी पुरुष. बाईचं नाव अशा यादीत मधे येतच नाही, कायम पहिलं. सविता नऊ वेळा पहिली आली, मधे शून्य वेळा. दिघे फॉर्ममध्ये दोनदाच. म्हणून प्रोग्रामच्या दृष्टीने सविता हे दिघेपेक्षा जास्त पक्कं आडनाव.

उपाय असा निघाला की पहिल्या शब्दाकडे आधी बघायचंच नाही. पहिला शब्द तीन प्रकारचा असू शकतो, आडनाव, पुरुषाचं नाव, बाईचं नाव. शेवटचा शब्द मात्र दोनच प्रकारचा. आडनाव शेवटी लिहिलं असेल तर तो आडनाव, आणि आडनाव आधी लिहिलं असेल तर तो वडलांचं किंवा नवऱ्याचं नाव, म्हणजे पुरुषाचंच. बाईचं नाव तिन्ही शब्द लिहिलेल्या ओळीत शेवटी येत नाही. आणि पुरुषांची नावं तर आपल्याकडे मधल्या शब्दांतून जमा झालेलीच आहेत, दोन्ही क्रमांतून. म्हणून विचारायचा प्रश्न एकच, ओळीचा शेवटचा शब्द इतर ओळींमध्ये मधे येतो का? येत असेल तर ओळ आडनाव-आधीवाली, नसेल तर आडनाव-शेवटीवाली. महाराष्ट्रात २०२४ पासून नवीन बाळांच्या नावात आईचंही नाव घालतात, स्वतःचं, आईचं, वडलांचं आणि मग आडनाव असे चार शब्द, तरी ही युक्ती मोडत नाही, कारण शेवटी एकतर आडनाव नाहीतर वडीलच.

प्रोग्राम एवढाच आहे. `rows` म्हणजे प्रत्येक ओळीच्या शब्दांची यादी, साफ केलेली (साफ करायचं कसं ते खाली सांगतो):

```python
from collections import Counter, defaultdict

mid = Counter()
firsts = defaultdict(set)
for w in rows:
    if len(w) >= 3:
        mid.update(w[1:-1])
        firsts[w[-1]].add(w[0])

def order(w):
    a, z = w[0], w[-1]
    if len(w) < 3:
        return "?"
    if mid[z] >= 3 and mid[a] == 0:
        return "F"
    if mid[z] == 0 and len(firsts[z]) >= 3:
        return "L"
    return "?"
```

`F` म्हणजे आडनाव आधी, `L` म्हणजे शेवटी, आणि प्रश्नचिन्ह म्हणजे मला माहीत नाही. ते प्रश्नचिन्ह काढून टाकू नका. जिथे खात्री नाही तिथे गप्प बसणारा प्रोग्राम पाहिजे, नाहीतर चुकलेली ओळ बरोबर ओळींत मिसळून जाते आणि मग कोणालाच सापडत नाही.

`firsts` ची भानगड कशाला, नुसतं मोजलं असतं तरी चाललं असतं ना, असं वाटेल. मलाही वाटलेलं. पहिल्या वेळी मी नुसतं एवढंच बघत होतो की शब्द शेवटी तीनदा तरी आलाय आणि मधे कधीच नाही. तर रजिस्टरमधल्या या ओळी बघा:

```
दिघे सुनील भालचंद्र
दिघे अनिल भालचंद्र
दिघे सुनंदा भालचंद्र
```

तीन भावंडं. वडील गेले, त्यामुळे त्यांची स्वतःची ओळ यादीत नाही, आणि भालचंद्र हे नाव आजकाल कोण ठेवतं, म्हणजे इतर कोणाच्या ओळीत मधे यायचा प्रश्न नाही. झालं, शेवटी तीनदा, मधे शून्य, प्रोग्राम म्हणाला भालचंद्र हे आडनाव आणि दिघे हे तिघांचंही पाळण्यातलं नाव. आडनाव खरंच शेवटी असेल तर त्याच्या आधीचे, म्हणजे ओळीतले पहिले शब्द वेगवेगळे असतात, माधव, सविता, अनिल. भावंडांच्या बाबतीत पहिला शब्द तोच तो. म्हणून किती वेळा आला हे न मोजता किती वेगवेगळ्या पहिल्या शब्दांबरोबर आला ते मोजायचं. एवढ्या एका बदलाने आमच्या रजिस्टरमधल्या चुकीच्या ओळी झपाट्याने कमी झाल्या, कारण मंडळात भावंडांची कुटुंबंच जास्त.

एकदा हे चालवून झालं की दुसरी फेरी. पहिल्या फेरीत ज्या ओळी पक्क्या ठरल्या त्यांतली आडनावं गोळा करा आणि मग प्रश्नचिन्हवाल्या ओळी परत बघा:

```python
sur = Counter()
for w in rows:
    o = order(w)
    if o == "F": sur[w[0]] += 1
    if o == "L": sur[w[-1]] += 1

def order2(w):
    o = order(w)
    if o != "?" or len(w) < 2:
        return o
    a, z = sur[w[0]] > 0, sur[w[-1]] > 0
    if a and not z: return "F"
    if z and not a: return "L"
    return "?"
```

दोनच शब्दांच्या ओळी ('जोशी सविता', 'अनिल दिघे') फक्त या दुसऱ्या फेरीतच सुटू द्यायच्या. त्यांच्यात मधला शब्दच नाही, आणि गुजराती सभासद पुष्कळदा आडनाव न लिहिता नुसतं 'सविताबेन रमेशभाई' लिहून मोकळे होतात. तिथे पहिल्या फेरीचा नियम लावला तर सविताबेन आडनाव होतात, परत काकू पाकीट घेऊन आरतीला.

आता साफसफाई, जी न करता प्रोग्राम चालवला तर काहीच जुळत नाही आणि माणूस उगाच नियमांना दोष देत बसतो. श्री., सौ., कै., डॉ. वगैरे पुढून काढायचं, पण फेकायचं नाही, वेगळ्या रकान्यात ठेवायचं, पाकिटावर लागतं. 'बाळा साहेब', 'रमेश भाई' असं सुटं लिहिलेलं जोडायचं. जुळवणीसाठी भाई आणि बेन कापायचं म्हणजे रमेश आणि रमेशभाई एकच मोजले जातात. राव कापू नका, भालेराव आठवा. स्वल्पविराम असेल, 'जोशी, माधव', तर विचारायलाच नको, डावीकडचं आडनाव. हे चिन्हाने सांगायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे, सयाजीरावांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून राज्यभर लायब्रऱ्या काढल्या, आणि लायब्ररीच्या कार्डावर आडनाव पुढे आणलं की त्यामागे स्वल्पविराम देतात तो याचसाठी, की वाचणाऱ्याला कळावं इथे क्रम बदललाय. फक्त 'माधव जोशी, बडोदा' पासून सांभाळा. आणि 'मा. ग. जोशी' किंवा 'जोशी मा. ग.' असं असेल तर पूर्ण लिहिलेला शब्द तोच आडनाव, आपण आडनावाचं आद्याक्षर करत नाही.

लिपीचं म्हणाल तर आमच्याकडे थोड्या ओळी गुजराती लिपीत होत्या. त्या टाइप करत बसायची गरज नाही, युनिकोडमध्ये देवनागरी आणि गुजराती अक्षरं एकाच ठेवणीत बसवलेली आहेत, मधे ठरावीक अंतर, म्हणून एका ओळीत काम होतं:

```python
s = "".join(chr(ord(c) - 0x180) if "\u0A80" <= c <= "\u0AFF" else c for c in s)
```

हे केल्यावरही जोशी जुळेनात, कारण गुजरातीत पुष्कळ जण 'जोषी' लिहितात. म्हणून जुळवणीसाठी एक वेगळी किल्ली बनवायची, तिच्यात ष चा श, ऱ चा र, ऱ्हस्व इकार-उकार दीर्घ, आणि न दिसणारं जोडचिन्ह U+200D काढून टाकलेलं. कऱ्हाडकर हे नाव दोन प्रकारे टाइप होतं आणि स्क्रीनवर दोन्ही सारखंच दिसतं, प्रोग्रामला मात्र ती दोन वेगळी कुटुंबं वाटतात. ही किल्ली फक्त मोजायला, छापायला नाही, नाहीतर कोणीतरी शुद्धलेखनावरून भांडायला येईल. इंग्रजी अक्षरातल्या ओळी मी देवनागरीत आणायच्या फंदात पडलो नाही, त्यांचा वेगळा ढीग करून तोच प्रोग्राम त्यांच्यावर वेगळा चालवला, नियमाला अर्थ कुठे कळतो, त्याला फक्त जागा कळते. Gaekwad आणि Gaikwad तेवढे हाताने एक केले.

एक सापळा सांगायचा राहिला, फोनमधले कॉन्टॅक्ट्स. आमचे खजिनदार काका म्हणाले एवढं कशाला करतोस, माझ्या फोनमध्ये आडनावाचा वेगळा रकाना आहे, त्यातून घे. फाइल काढून बघितली तर हे:

```
FN:जोशी माधव गणेश
N:गणेश;जोशी;माधव;;
```

या `N` मध्ये पहिलं आडनाव, मग नाव, मग मधलं नाव असा क्रम असतो, म्हणजे फोनच्या मते आडनाव गणेश. काकांनी नाव एकाच रकान्यात टाकलं आणि फोनने शेवटचा शब्द आडनाव समजून स्वतःच तुकडे केले. रकाना वेगळा आहे म्हणजे माणसाने भरलाय असं नसतं, त्यामुळे तो पुरावा धरू नका.

आता चालवून काय निघालं ते. पहिल्या फेरीत सगळ्या जोश्यांवर प्रश्नचिन्ह. एकही जोशी सुटेना, आणि जोशी तर आमच्याकडे सगळ्यात जास्त. असं झालं, एखादं नेहमीचं आडनाव सरसकट अडकलं, तर समजायचं की ते कुठेतरी मधे आलंय, कारण वरच्या नियमात आडनावाचं `mid` शून्यच पाहिजे. जोशी मधे असलेल्या ओळी काढून बघितल्या, दोनच होत्या, 'माधव जोशी बडोदा' आणि 'सुनंदा जोशी दांडियाबाजार'. गावाचं आणि पेठेचं नाव काढलं, सगळे जोशी सुटले. दोन ओळींनी साठ-सत्तर ओळी अडवून ठेवलेल्या. म्हणून आता मी दर वेळी आधी हेच बघतो, जे शब्द टोकाला दहापेक्षा जास्त वेळा आणि मधे फक्त एकदा-दोनदा आलेत ते छापून घेतो. त्यात बहुतेक वेळा चूक ओळीची असते. कधीकधी मात्र शब्दच तसा असतो, 'देव' हे आडनावही आहे आणि हल्ली मुलाचं नावही ठेवतात. 'केशव माधव देव' ही ओळ आली तर शेवटी देव, तो मधेही दिसलाय, पण पहिला केशवही मधे दिसलाय, म्हणून नियम गप्प बसतो आणि ओळ प्रश्नचिन्हात जाते. तशीच जाऊ दे.

दोन्ही फेऱ्यांनंतर रजिस्टरच्या ४१२ पैकी ३९६ आडनाव-आधी, ५ आडनाव-शेवटी, ११ प्रश्नचिन्ह. फॉर्मच्या ५३० पैकी ४८२ शेवटी, २९ आधी, १९ प्रश्नचिन्ह. गल्लीवाल्या १९८ पैकी ८४ आधी, ९१ शेवटी, २३ प्रश्नचिन्ह. इथे स्रोताचा रकाना कामाला येतो. रजिस्टर एकाच हाताने भरलेलं, ठरलेल्या ४०१ पैकी ३९६ एकाच बाजूला, म्हणून उरलेल्या ११ ओळी डोळे मिटून आडनाव-आधी टाकल्या. (त्या ५ उलट्या ओळी चुकून आलेल्या नव्हत्या, मूळ वही काढून बघितली तर वेगळ्या शाईत, नंतर लग्न होऊन आलेल्या सुनांची नावं कोणीतरी दुसऱ्याने वाढवलेली.) फॉर्ममध्येही ९४ टक्के एका बाजूला होते तरी मी तिथे तसं केलं नाही. फॉर्म प्रत्येक जण आपापला भरतो, शेजाऱ्याने कसं लिहिलं यावरून याने कसं लिहिलं असेल हे कळत नाही. शिवाय जे अडकलेले असतात ते बहुधा वेगळे असतात म्हणूनच अडकलेले असतात. मी ९८ टक्के आणि एकच लिहिणारा, असा दुहेरी नियम ठेवलाय.

गल्लीवाल्या फायलीत बहुमत नाहीच, पण तिथे ओळी मुलांनी एकामागून एक टाइप केलेल्या, म्हणजे एका मुलाचा पट्टा एका पद्धतीने, मग दुसऱ्याचा दुसऱ्या पद्धतीने. म्हणून अडकलेल्या ओळीच्या वरच्या पाच आणि खालच्या पाच बघितल्या, दहाच्या दहा एका बाजूला असतील तरच तसं धरलं. २३ पैकी १४ सुटल्या. हे करायच्या आधी फाइल कोणी अक्षरानुसार लावली नाहीये ना ते बघा, लावली असेल तर शेजार गेला आणि ही युक्तीही गेली. तसंच उलट बाजूने, लावलेली फाइल असेल आणि पहिला शब्द सलग कदम कदम, जोशी जोशी जोशी असा येत असेल तर ती फाइल कुठल्या क्रमाची ते न मोजताच दिसतं.

उरल्या २८ ओळी. त्या प्रोग्रामने सोडवायच्या नसतात, फोन करायचा असतो. वहिनींनी एका संध्याकाळी केले. त्यातले तीन जण म्हणाले आम्ही आडनाव लावतच नाही, तर त्यांचा आडनावाचा रकाना रिकामा ठेवला, आणि छापताना रिकामा असेल तर पूर्ण नाव जसं लिहिलंय तसं छाप असं प्रोग्रामला सांगितलं. आमच्याकडे दोन तमिळ कुटुंबं आहेत, त्यांच्या नावापुढचं आद्याक्षर वडलांचं, आडनाव नाहीच, त्यांनाही हेच लागू. आद्याक्षराचा जो नियम वर सांगितला तो त्यांच्यावर चालत नाही, म्हणून त्यांच्या ओळीवर 'हात लावू नये' अशी खूण आहे.

बरोबर झालं की नाही हे तपासायला दोन गोष्टी केल्या. एक, एकच मोबाइल नंबर असलेल्या ओळी एकत्र काढल्या, सुधारल्यावर त्यांचं आडनाव सारखंच यायला पाहिजे. नाही आलं तर एकतर क्रम चुकलाय नाहीतर मुलीने लग्नानंतरही माहेरचा नंबर दिलाय, दोन्ही बघण्यासारखं. यातून सात चुका सापडल्या. दुसरं, रँडम ओळी काढून डोळ्याने बघितल्या. काका म्हणाले पन्नास बघ, बस. पण पन्नासात एकही चूक निघाली नाही तरी त्याचा अर्थ एवढाच होतो की चुका साधारण ६ टक्क्यांच्या आत आहेत, ३ ला तपासलेल्या ओळींनी भागायचं असा ढोबळ हिशेब असतो, आणि ११४० चे ६ टक्के म्हणजे अडुसष्ट पाकिटं. १ टक्क्याच्या आत आहे म्हणायला तीनशे बघावी लागतात. तीनशे बघितल्या, दोन रात्रीत. एक चूक निघाली, 'राणा प्रताप मोहन', आणि त्यावर घरात अजून दोन मतं आहेत, मंडळींना फोन लागत नाहीये.

परत बिघडू नये म्हणून फॉर्ममध्ये आता तीन रकाने केलेत, आडनाव / અટક, स्वतःचं नाव, वडील किंवा पतीचं नाव. तरी लोक पहिल्याच रकान्यात पूर्ण नाव लिहून बाकी दोघांत टिंब देतात, म्हणून पहिल्या रकान्यात मधे जागा असलेला शब्द आला की फॉर्मच पुढे जात नाही. 'घोरपडे पाटील' वाल्यांचा फोन आला होता त्यावरून, त्यांना सांगितलं मधे आडवी रेघ द्या. नवीन ओळी आल्या की जुन्या पक्क्या आडनावांची `sur` तयारच असते, ती फाइलमध्ये जपून ठेवलीये, त्यामुळे पाच-दहा नवीन नावांसाठी सगळं परत मोजावं लागत नाही, नुसती दुसरी फेरी पुरते.